न ऐकू येणारा ड



आज सुरुवातीलाच तुम्हाला एक छोटा प्रयोग करायला लावणार आहे. ‘मध’ हा शब्द घाईत, बेसावधपणे म्हणून बघा. ‘दुकानातून मध आण,’ असं कुणी जाता जाता म्हणालं की पुष्कळदा त्या ‘ध’मधला हकार विरतो आणि कानावर पडतं ते जवळजवळ ‘मद’. आता त्याच माणसाला विचारा, ‘मधाची बाटली कुठंय?’ उत्तर देताना तो ‘मधाची’च म्हणेल, ‘मदाची’ म्हणणार नाही. उलट षड्रिपूंमधल्या मदाबद्दल बोलताना तोच माणूस ‘मदाने आंधळा झालेला’ म्हणेल, ‘मधाने’ म्हणणार नाही. एकटा शब्द उच्चारताना जो भेद त्याच्या तोंडी शिल्लक नव्हता, तो सामान्यरूपात जिथल्या तिथे परत आला. मग मधल्या वेळात तो भेद होता कुठे?

मराठीत ही हकार गळण्याची गोष्ट ढिली आहे. सावकाश बोललं तर ‘ध’ नीट ऐकू येतो, माणसागणिक फरक पडतो, म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही. पण असाच प्रकार काही भाषांमध्ये नियम म्हणून घडतो. सावकाश बोला, भाषणात बोला, मुलाला शिकवताना बोला, तो टळत नाही. त्यातलं सगळ्यांत अभ्यासलेलं उदाहरण जर्मनमधलं आहे, आणि माझी त्याच्याशी गाठ पडली ती पुण्यात जर्मन शिकताना. मी ऐटीत ‘गुटेन टाग’ म्हटलं आणि बाईंनी थांबवलं. ‘टाग नाही, टाक.’ मी वही पुढे केली, शेवटी ‘ग’चं अक्षर आहे असं दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘अक्षर राहू दे. एक दिवस असेल तर टाक, पुष्कळ दिवस असतील तर टागे.’ त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे काही वर्षं लागली.

नियम असा. प-ब, ट-ड, क-ग या जोड्यांमधला फरक घशातल्या कंपाचा आहे. गळ्यावर बोट ठेवून ‘स्स्स’ आणि मग इंग्रजी ‘झू’मधला ‘झ्झ्झ’ म्हणा. दुसऱ्या वेळी बोटाला थरथर जाणवेल. या थरथरीला आपले जुने व्याकरणकार घोष म्हणत आले. जर्मनमध्ये शब्दाच्या अखेरीस घोष स्पर्श किंवा घोष घर्षक टिकत नाही, त्याचा अघोष होतो. दिवस टाक, दिवस अनेक टागे. स्तुती लोप, स्तुती करणं लोबेन. घर हाउस, घरं हॉयझर, आणि त्या अनेकवचनातला ‘झ’ मघाचा थरथरणारा. याला अंत्य अघोषीकरण म्हणतात. त्यामुळे शब्दाच्या शेवटी ट आणि ड यांच्यातला भेदच पुसला जातो. त्या पुसण्याला मी भेदलोप म्हणणार आहे.

आता एकच जोडी घेऊन तिच्याशी जरा वेळ बसू. जर्मनमध्ये चाकाला म्हणतात ‘राट’. सल्ल्यालाही म्हणतात ‘राट’. दोन्ही शब्द ऐकायला सारखे. पण ‘चाकाचा’ म्हणायचं तर ‘राडेस’ आणि ‘सल्ल्याचा’ म्हणायचं तर ‘राटेस’. एकाच तुकड्याची अशी दोन रूपं दिसतात, राट आणि राड, तेव्हा त्याला आपण पालट म्हणू. सल्ल्याच्या शब्दात पालट नाही, चाकाच्या शब्दात आहे.

हे समजून घ्यायचे तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग सरळ दिसतो. दोन्ही शब्दांचं मूलरूप जे ऐकू येतं तेच मानायचं, म्हणजे ‘राट’, आणि नियम करायचा की पुढे स्वर आला की ‘ट’चा ‘ड’ होतो. चाकाचं काम भागलं: राट आणि पुढे एस, म्हणून राडेस. पण मग सल्ल्याचं काय? तिथेही राट आणि पुढे एसच आहे. नियम नियमासारखा चालला तर तिथेही ‘राडेस’ व्हायला हवं होतं, आणि ते होत नाही. शिवाय ‘बिटे’ म्हणजे कृपया, ‘फाटर’ म्हणजे वडील, असे दोन स्वरांमध्ये ‘ट’ सुखाने नांदणारे शब्द जर्मनमध्ये ढिगाने आहेत. हा मार्ग इथेच बंद पडतो.

दुसरा मार्ग: मूलरूपं वेगळी माना. चाकाचं ‘राड’, सल्ल्याचं ‘राट’. नियम एकच, शब्दाच्या अखेरीस घोषाचा अघोष. आता चालवून बघा. चाक एकटं असेल तर राड, शेवटी ‘ड’, नियम लागला, राट. षष्ठीत राड आणि एस, ‘ड’ आता शेवटी नाही, नियम लागत नाही, राडेस. सल्ला एकटा असेल तर राट, नियमाला करण्यासारखं काही नाही. षष्ठीत राटेस. चारही रूपं बरोबर आली. शिवाय हा नियम एक भाकीतही करतो: जर्मनमध्ये घोष स्पर्शाने संपणारा उच्चार सापडणारच नाही. बाहेरून आलेल्या शब्दांवर ते तपासता येतं. इंग्रजी ‘जॉब’ जर्मन तोंडात ‘जॉप’ होतो, पण त्यापासून केलेलं क्रियापद मात्र ‘जॉबेन’. ‘ट्रेंड’चा ‘ट्रेंट’ होतो. इंटरनेटवरचा ‘ब्लॉग’ ‘ब्लॉक’ होतो आणि ब्लॉग लिहिणं ‘ब्लॉगेन’. हे शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून नियम भाषेत होता, आणि नव्या पाहुण्यांनाही त्याने सोडलं नाही.

तिसरा मार्ग म्हणजे नियमच नको, प्रत्येक शब्दाची सगळी रूपं पाठ आहेत असं मानायचं. हा मार्ग खोटा ठरवता येत नाही, आणि म्हणूनच तो मला अर्धवट वाटतो. टाक-टागे, लोप-लोबेन, हाउस-हॉयझर या शेकडो जोड्यांमध्ये बदल नेहमी एकाच दिशेचा का आहे, याचं त्याच्याकडे उत्तर नाही. शब्दाच्या शेवटी अघोष आणि स्वरापुढे घोष, हीच दिशा सगळीकडे. उलट दिशेची, म्हणजे एकट्या शब्दात ‘ड’ आणि षष्ठीत ‘ट’ अशी जोडी एकही नाही. पाठांतरात असा नेमकेपणा योगायोगानेच यायचा.

इथली मेख नीट पाहा. मूलरूप ओळखायचं तर भेद जिथे पुसला गेलेला आहे त्या जागेकडे बघून उपयोग नाही. जिथे तो टिकून आहे तिथे बघायचं. ‘राट’वरून चाक की सल्ला हे सांगता येत नाही, ‘राडेस’वरून सांगता येतं. दोन रूपांपैकी ज्याच्यावरून दुसऱ्याचं भाकीत करता येतं, ते मूलरूपाच्या जवळचं. शब्दकोशात जे पहिलं छापलेलं असतं किंवा मूल जे आधी शिकतं, त्याला इथे काही मान नाही.

यावर एक हरकत नेहमी येते, आणि ती मीच त्या दिवशी वही पुढे करून घेतली होती. जर्मन लेखनात चाकाच्या शब्दाला शेवटी ‘ड’चंच अक्षर आहे, मग तुमच्या भाषाशास्त्रज्ञांनी शोधलं काय? पण लेखन हा इथे पुरावा नाही, ते स्वतःच एक अनुमान आहे. बाराव्या-तेराव्या शतकांतल्या जर्मनमध्ये पुष्कळदा उच्चाराप्रमाणे लिहीत: दिवस एकटा असेल तर शेवटी ‘क’, षष्ठीत ‘ग’, चाक एकटं असेल तर ‘ट’, षष्ठीत ‘ड’. पुढच्या काळात शब्द सगळीकडे एकसारखा दिसावा म्हणून षष्ठीतलं अक्षर एकट्या रूपातही लिहायचा प्रघात पडला. म्हणजे आज जर्मन मुलाला शाळेत जे अक्षर शिकवतात, ते कुणीतरी ‘राडेस’कडे बघून ठरवलेलं आहे. मुलांना शिकवायची युक्तीही तीच असते: शेवटी कोणतं अक्षर ते कळत नसेल तर शब्द लांबवून बघा.

आपल्याकडे मूलरूप ठरवण्याचं हे काम फार आधी झालं आहे, आणि त्याचे अवशेष मराठीत रोज आपल्या तोंडी असतात. संस्कृतातले तीन शब्द घ्या: मरुत्, शरद्, समिध्. तृतीया होते मरुता, शरदा, समिधा. पण समासात बघा: मरुत्पती, शरत्काल, समित्पाणि. हातात समिधा घेऊन गुरूकडे जाणारा शिष्य तो समित्पाणि. वाक्याच्या अखेरीस प्रथमेतही हे तिन्ही ‘त्’ने संपू शकतात. जर्मनमध्ये दोन वाटा एकत्र येतात, इथे तीन आल्या: घोष गेलाच, महाप्राणही गेला.

पाणिनीने याचे दोन टप्पे केले. आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं 39वं सूत्र पदाच्या अखेरच्या स्पर्शाला त्याच वर्गातला तिसरा वर्ण देतं. म्हणजे त्, द्, ध् हे सगळे आधी ‘द्’ होतात. भेदलोप इथेच होऊन जातो. मग त्याच अध्यायाच्या चौथ्या पादातलं 56वं सूत्र म्हणतं की पुढे काहीच नसेल, म्हणजे अवसान असेल, तर विकल्पाने अघोष करावा. म्हणून शरद् आणि शरत् दोन्ही शुद्ध. पण हे सगळं चालायला शब्द सूत्रांच्या हाती द्यावा लागतो तो ‘समिध्’ म्हणून, जसा तो एकटा कधीच उच्चारला जात नाही तसा. न उच्चारलं जाणारं मूलरूप मांडून त्याच्यापासून उच्चारली जाणारी रूपं साधायची ही रीत पाश्चात्य भाषाशास्त्रात विसाव्या शतकात रुळली. लिओनार्ड ब्लूमफील्डने मेनॉमिनी या अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषेवर 1939 साली लिहिलेला निबंध हे तिचं एक प्रसिद्ध उदाहरण, आणि तो पाणिनीचा जुना वाचक होता.

मात्र आता एक खड्डा दाखवतो; शाळेत संधी शिकवताना आपण त्यात हमखास पडतो. जगत् अधिक ईश, जगदीश. इथे ‘द’ दिसला. मघाच्या युक्तीने कुणी म्हणेल, पुढे स्वर आहे आणि ‘द’ ऐकू येतोय, म्हणजे मूलरूप ‘जगद्’. चूक. षष्ठी ‘जगतः’ होते, ‘जगदः’ नाही. मूलरूप ‘जगत्’च. तसंच वाक् आणि दिक् बघा. वाक्प्रचार, वाग्देवी, वाङ्मय. दिक्पाल, दिग्विजय, दिङ्मूढ. दोघांची रूपं डोळे मिटून एकासारखी एक. स्वर पुढे आला तरी वागीश आणि दिगंबर, फरक नाहीच. आणि तृतीयेत? वाचा आणि दिशा! एकाच्या पोटात ‘च्’ होता, दुसऱ्याच्या ‘श्’.

म्हणजे ‘पुढे स्वर आला की मूळ दिसतं’ हे आपण मघाशी केलेलं विधान ढोबळ होतं. तो स्वर कुठल्या घराचा आहे हे महत्त्वाचं. विभक्तिप्रत्ययाचा स्वर शब्दात मिसळून जातो, मग तो वर्ण अखेरचा राहत नाही. समासातलं दुसरं पद स्वतंत्र असतं, त्यामुळे पहिल्या पदाची अखेर ही अखेरच राहते आणि नियम तिथे आपलं काम करून मोकळा होतो. पाणिनी पदान्त म्हणतो तो याचसाठी. जर्मनमध्ये अगदी हेच आहे. चाकाचा आस, राड अधिक आक्से: पुढे ‘आ’ असूनही उच्चार ‘राट-आक्से’. छोटं चाक म्हणजे ‘रेटशेन’. तिथे प्रत्यय आहे खरा, पण तो व्यंजनाने सुरू होतो आणि ‘ड’ला अवयवाच्या, म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, शेवटीच अडकवून ठेवतो. तेव्हा जर्मनचा नियम शब्दान्तापुरताही नाही, अवयवान्ताचा आहे, असं म्हणावं लागतं. पुराव्याची रूपं गोळा करताना ती नेमकी कुठली हे पाहिलं नाही, तर जगदीशामुळे जग बदलून बसतं.

आता जरा अडचणीचा भाग. निकोलाय त्रुबेत्स्कॉय, 1938 साली व्हिएन्नात वारलेला आणि ज्याचा मुख्य ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला तो रशियन विद्वान, भेदलोपाचा सिद्धान्त ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्याचं म्हणणं वेगळं होतं. भेद पुसल्या जागी उभा असतो तो ‘ट’ही नव्हे आणि ‘ड’ही नव्हे, दोघांत जे समान आहे तेवढंच तिथे असतं. जीभ कुठे टेकली, हवा कशी अडली, एवढं भाषेला सांगायचं आहे. घोषाबद्दल तिथे काही सांगायचंच नाही. या विचारात एक सभ्यपणा आहे. जे वेगळं ऐकू येत नाही त्याला वेगळं नाव देऊ नका. पण मग ‘राट’ आणि ‘राट’ हे शेवटच्या जागी खरोखर एकच असायला हवेत, अगदी मोजून पाहिले तरी.

आणि मोजून पाहिलं तेव्हा गंमत झाली. रॉबर्ट पोर्ट आणि मायकेल ओडेल यांनी 1985 साली जर्मन भाषकांचे असे शब्द ध्वनिमुद्रित करून तपासले. मूळ ‘ड’वाल्या शब्दातला स्वर सरासरीने सुमारे 15 मिलिसेकंद लांब निघाला. एका सेकंदाच्या हजारांतले पंधरा भाग. ऐकणाऱ्यांना कोणता शब्द ते ओळखायला सांगितलं, तर निव्वळ अंदाजाने 50 टक्के यायचे तिथे साठेकच टक्के आले. म्हणजे पुसलेल्या पाटीवर खडूचा पुसट डाग राहिला होता, पण त्यावरून धडा वाचता येण्यासारखा नव्हता. लगेच आक्षेप आला की वाचून म्हणायला दिलंत, म्हणून लेखनातलं अक्षर उच्चारात उतरलं. आक्षेप रास्त होता. पुढे 2014 साली टिमो रोएटगर आणि सहकाऱ्यांनी लेखन बाजूला ठेवलं: अर्थहीन बनावट शब्दांची अनेकवचनं ऐकवली आणि बोलणाऱ्याने स्वतः एकवचन करायचं. फरक आणखी लहान झाला, दहा मिलिसेकंदांच्या आत, पण नाहीसा झाला नाही.

काहींनी यावरून नियमच मोडीत काढला. मला तसं वाटत नाही. त्या प्रयोगात एकवचन कधीच ऐकवलं नव्हतं. बोलणाऱ्याकडे होतं ते फक्त अनेकवचन, आणि त्यातल्या ‘ड’ची सावली त्याच्या एकवचनावर पडली. मूलरूप मानणाऱ्याने यात दुःख करण्यासारखं काय आहे? धक्का बसायचाच तर तो त्रुबेत्स्कॉयच्या रिकाम्या जागेला बसतो. माझ्या मते जास्त बोचरा प्रयोग डच भाषेतला आहे, तिथेही हाच नियम आहे. मिर्याम अर्नेस्टस आणि हाराल्ड बायेन यांनी 2003 साली बनावट क्रियापदांची अशी रूपं ऐकवली की ज्यांत शेवटचा भेद पुसलेला आहे, आणि भूतकाळ करायला सांगितला. पुरावा शून्य. तरी लोकांनी अंदाज केले, आणि ते आंधळे नव्हते. तशाच नादाच्या खऱ्या डच शब्दांमध्ये ज्याचं बहुमत, तिकडे उत्तरं झुकली. म्हणजे एका शब्दाचं मूलरूप ठरवताना माणूस त्याच्या शेजारपाजारच्या शब्दांनाही साक्षीला बोलावतो. राडेस-राटेसच्या आपल्या नेटक्या मांडणीत ही गर्दी नव्हती.

मग पालट मुळीच नसेल तर? जर्मनमध्ये ‘आणि’ला म्हणतात ‘उंट’. आपल्या उंटाशी त्याचा संबंध नाही. लिहितात ‘ड’ने, पण त्या शब्दाला ना विभक्ती, ना वचन. ‘ड’ कधी ऐकायलाच मिळत नाही. आजच्या जर्मनपुरतं बोलायचं तर त्याचं मूलरूप ‘उंड’ म्हणायला लेखनापलीकडे आधार नाही. जुन्या जर्मनमध्ये ‘उंडे’ असं रूप होतं खरं, पण तो इतिहास झाला, आणि लहान मुलाला इतिहास ठाऊक नसतो. मूलरूप म्हणजे पूर्वरूप नव्हे, ही गल्लत जाणतेही करतात. आजच्या रूपांवरून आज जे काढता येतं तेवढंच मूलरूप.

याची इतिहासानेच एकदा परीक्षा घेतली आहे. यिद्दिश ही ज्यूंची भाषा मध्ययुगीन जर्मनमधून निघाली, आणि शब्दान्ती अघोष करण्याचा नियम तिच्यातही एके काळी होता. पुढे प्रमाण यिद्दिशने तो सोडून दिला. जर्मन ‘टाक’ तिथे ‘टोग’ आहे, शेवटी खणखणीत ‘ग’. रस्त्याला जर्मनमध्ये एकवचनी ‘व्हेक’ म्हणतात, यिद्दिशमध्ये ‘व्हेग’, अनेकवचन ‘व्हेगन’. नियम गेला आणि घोष परतले. पण कुठून? शेवटचा ‘ग’ बोलणाऱ्यांच्या कानी कित्येक पिढ्या पडलेला नव्हता. तो त्यांनी ‘व्हेगन’सारख्या रूपांवरून ओळखून जपला होता, असंच म्हणावं लागतं.

आता याच रस्त्याच्या शब्दापासून निघालेलं एक अव्यय आहे: ‘दूर, निघून’ अशा अर्थाचं, मूळचं ‘रस्त्यावर’. यिद्दिशमध्ये ते आहे ‘अव्हेक’. शेवटी ‘क’. सख्खा भाऊ ‘व्हेग’ घोष परत घेऊन बसला आणि हा तसाच राहिला, कारण अव्ययाला अनेकवचन नसतं, प्रत्यय लागत नाही, पालट नाही. नियम उठला त्या दिवशी त्याच्या पोटात ‘ग’ आहे हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मुलांनी ‘क’ ऐकला आणि ‘क’च घेतला. इतिहास ‘ग’ म्हणत होता, पुरावा ‘क’ म्हणत होता, आणि भाषा पुराव्याबरोबर गेली. पॉल किपार्स्कीने 1968 साली हे उदाहरण चर्चेत आणलं तेव्हापासून मूलरूपांच्या बाजूने याहून चांगला साक्षीदार मला तरी भेटलेला नाही.

राहता राहिला तो जर्मन ‘उंट’, ज्याचा निकाल आपण लावू शकलो नाही. वाटलं, यिद्दिशमध्ये तरी उत्तर मिळेल. नियम उठल्यावर तिथे ‘उंड’ झालं की ‘उंट’ राहिलं? कोश उघडून पाहिला. ‘आणि’ला यिद्दिशमध्ये म्हणतात ‘उन’. शेवटचं व्यंजनच गळून गेलंय.